‘काढली नाही का?’ : फरदड सर्वेक्षणाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, अमळनेर

प्रश्नावली आज छापून आली. एकतीस प्रश्न, चार पानं. विषय एकच: कपाशीचा हंगाम डिसेंबरअखेर संपवा, फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी झाल्यावर तेच पीक पाणी देऊन पुढे चालवू नका, हा सल्ला शेतकऱ्यांपर्यंत पोचलाय का आणि पोचला असेल तर पाळला जातोय का. मूळ प्रश्न इंग्रजीत तयार झाले आणि वरच्या कार्यालयात कोणीतरी त्यांचं मराठी केलं. वाचताना दोन-तीन ठिकाणी माझी जीभ अडखळली. पण पोरं उद्या यायची होती, म्हणून तसंच पुढे ढकललं. हे माझं चुकलं.

आधी वीस घरांत चाचणी, मग बाकीची गावं. चाचणीसाठी पारोळा रस्त्यावरचं एक गाव घेतलंय. सर्वेक्षणाला चार जण आहेत, दोन मुली आणि दोन मुलगे. सगळे कॉलेजचे, तिघांच्या घरी कपाशी.

८ जानेवारी

आज जे पाहिलं ते तपशिलात लिहून ठेवते, कारण पुढे वाद होणार.

दुपारी एका आबांच्या मळ्यात गेलो. बांधावर बाज टाकलेली, आबा तिथेच बसलेले. आमची चाळीसगावची पोरगी प्रश्न विचारत होती, मी मागे उभी. प्रश्न ९ आला: ‘गेल्या हंगामातील कपाशीचे पीक डिसेंबर संपेपर्यंत काढून टाकले नाही का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

आबा म्हणाले, ‘हो.’

पोरीने ‘हो’वर खूण केली आणि पुढे गेली. मी मान वर करून पाहिलं. आबांच्या पाठीमागे दीड-दोन एकर कपाशी हिरवीगार उभी. शेंड्याला फुलं आणि सरीत मोटारीचं पाणी चाललेलं. दोन-तीन फुलं तर पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली. डोमकळीच ती, म्हणजे आत अळी. फॉर्म सांगतो की पीक काढलं आणि शेत सांगतं की फरदड जोरात आहे.

आबा खोटं बोलले नाहीत. मी नंतर साधं विचारलं, ‘आबा, ही कपाशी कधी काढणार?’ तर म्हणाले, ‘मार्चपर्यंत राहू देऊ, भाव आला तर दोन वेचण्या होतील.’ मग ‘हो’ का म्हणालात? ‘तिने विचारलं काढली नाही का, मी म्हटलं हो, नाही काढली.’

आता पुढचं घर. तिथल्या नानांनी याच प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं. वावरात जाऊन पाहिलं तर कपाशी उपटून पऱ्हाट्यांचा ढीग लावलेला, हरभरा बोटभर वर आलेला. त्यांचं ‘नाही’ होतं ते असं: ‘नाही ना भाऊ, काढली ना!’ म्हणजे प्रश्नातला संशय त्यांनी खोडून काढला होता.

आणि तिसऱ्या घरातलं ‘नाही’ सरळ होतं: नाही, नाही काढली.

एकाच चौकोनात दोन उलटी उत्तरं पडली. संध्याकाळपर्यंत वीस फॉर्म झाले. पोरांना सांगितलं होतं की जमेल तिथे शेत डोळ्यांनी बघून या आणि मागच्या पानावर पेन्सिलीने लिहा. वीसपैकी सात फॉर्मांत पुढचं पान एक सांगतं आणि मागची पेन्सिल दुसरं.

९ जानेवारी

सकाळी चहावर याच गोष्टीची चर्चा. भडगावचा मुलगा म्हणाला, ‘ताई, लोकांना प्रश्न कळत नाही, अडाणी आहेत.’ मी त्यालाच विचारलं, ‘तू अजून जेवला नाहीस का?’ तो म्हणाला, ‘हो.’ मग थांबला आणि स्वतःच हसला. त्याचं ‘हो’ म्हणजे जेवला की नाही जेवला, हे त्या टेबलावर कोणालाच सांगता येईना.

मराठीत नकारी प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर पुरत नाही. बोलताना आपण पुढे क्रियापद जोडतो. ‘हो, जेवलो.’ ‘नाही, जेवलो की.’ ‘हो ना, नाही जेवलो.’ खरा अर्थ त्या जोडलेल्या क्रियापदात असतो. फॉर्मवर मात्र चौकोन फक्त पहिल्या शब्दाचा आहे. अर्थ ज्यात होता ते शेपूट आपणच कापून टाकतो.

दुसरी गोष्ट आमच्या अहिराणीवाल्या पोरीने काढली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘नाही का?’ हा आपल्याकडे नुसता प्रश्न नसतो. ‘चहा घेणार नाही का?’ हा आग्रह असतो. ‘पोरीला शाळेत घातलं नाही का?’ यात बोलणी आहेत. ‘कपाशी काढली नाही का?’ असं फॉर्म घेऊन आलेल्या माणसाने विचारलं की समोरच्याला वाटतं, हे तपासायला आले, आपलं काहीतरी चुकलं. मग तो माहिती देण्याऐवजी स्वतःची बाजू सांभाळतो. इंग्रजीतून आलेल्या त्या वाक्यात हा टोमणा नसेलही, मराठीत तो आपोआप येतो.

तिसरी गोष्ट पोरांनी जरा लाजत कबूल केली. छापलेलं वाक्य कोणी तसंच्या तसं वाचत नव्हतं. म्हातारी माणसं ‘काय इचारी राह्यना भो?’ म्हणाली की पोरं आपापल्या अहिराणीत सोपं करून विचारत होती. सोपं करताना एकाने ‘नाही’ ठेवला, दुसऱ्याने उडवला. म्हणजे वीस जणांना आम्ही एकच प्रश्न विचारला नव्हता. निम्म्यांना काढली का विचारलं आणि निम्म्यांना काढली नाही का. पोरांना बोलून उपयोग नाही. तोंडात न बसणारं वाक्य दिलं की विचारणारा ते तोंडात बसवून घेतोच.

सरांना फोन केला. ते लगेच म्हणाले, ‘हे अमेरिकेत मोठमोठ्यांचं झालंय.’ १९९२ साली तिथल्या रोपर या संस्थेच्या पाहणीत ज्यूंच्या संहाराबद्दल एक प्रश्न होता. त्याचा आशय असा: नाझींनी ज्यूंचा संहार केला हे कधी घडलंच नाही, असं असणं तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य? २२ टक्के लोकांनी ‘शक्य’ म्हटलं आणि एवढे लोक इतिहास नाकारतात म्हणून खळबळ उडाली. मग १९९४ मध्ये प्रश्न बदलून विचारला: हे घडलंच नसेल असं शक्य वाटतं, की ते घडलं याची तुम्हाला खात्री आहे? ‘शक्य’ म्हणणारे जेमतेम १ टक्का निघाले. पहिल्या प्रश्नात ‘घडलंच नाही’ आणि ‘अशक्य’ हे दोन नकार एकावर एक बसले होते. ‘घडलं’ म्हणायचं असेल तर ‘अशक्य’वर बोट ठेवावं लागत होतं.

आमच्या सातांचा हिशोब त्यापुढे किरकोळ, पण रोग तोच.

११ जानेवारी

आज एकतीसच्या एकतीस प्रश्न लाल पेन घेऊन वाचले. नियम एकच केला: जिथे नकार आहे तिथे गोल. आधी उघडे नकार धरले: नाही, नको, नये, न, नसावा. मग छुपे: शिवाय, विना, टाळणे, बंदी, अभाव, क्वचित. ‘कमी’लाही गोल केला, कारण वाक्यात तोही दिशा उलटवतो. आणि शेवटी उत्तराचे पर्यायही धरले. हे सहसा सुटतं. प्रश्नात एकच ‘नाही’ असला तरी पर्यायात ‘असहमत’ आहे, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात दोन झाले.

सर्वांत जास्त गोल प्रश्न १२ वर पडले: ‘फरदड न घेतल्याने पुढील हंगामात बोंडअळीचा प्रादुर्भाव कमी होत नाही.’ पर्याय पाच, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

आबांना फरदडीचं नुकसान नीट माहीत आहे असं समजू. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने सगळ्यांनाच धडा दिला होता. अळी वाळक्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत तग धरते, उभं पीक तिला पुढे खायला देतं आणि पुढच्या खरिपात ती पुन्हा निघते. हे सगळं ते मला बांधावर सांगू शकतात. आता त्यांनी फॉर्मवर काय म्हणायचं? ‘न घेतल्याने’ हा पहिला उलट फेरा. ‘कमी’ हा दुसरा. ‘होत नाही’ तिसरा. हे वाक्य चूक आहे असं म्हणायचं, म्हणजे ‘असहमत’, हा चौथा. चार वळणं घेतल्यावर बरोबर उत्तर येतं: पूर्ण असहमत. त्या दिवशी आबांनी ‘सहमत’ म्हटलं. ‘फरदड’ आणि ‘बोंडअळी’ हे दोन शब्द कानावर पडले, म्हणजे नुकसानीचंच बोलणं चाललंय, म्हणून मान हलवली. आमच्या नोंदीत ते अडाणी ठरले.

पोरांना वाटलं की दोन-दोन नकार खोडले की काम झालं. ‘न’ आणि ‘नाही’ कापा, ‘फरदड घेतल्याने बोंडअळी कमी होते’ उरतं. पण असं गणितासारखं कापता येत नाही. एक तर वाक्याचा अर्थच बदलला. फरदड न घेतल्याने अळीत फरक पडत नाही असं मानणारा माणूस घेतल्याने अळी कमी होते असं मानतोच, असं थोडंच आहे? दुसरं म्हणजे मराठीत दोन नकारांचा होकार दरवेळी पूर्ण होकार होत नाही. ‘पैसे मिळाले नाहीत असं नाही’ याचा अर्थ मिळाले, पण माझी तक्रार आहे. ‘पीक वाईट नाही’ म्हणणाऱ्याला पीक चांगलं आहे का विचारलं तर तो लगेच हो म्हणणार नाही. असा नकारावर नकार ठेवून आपण बऱ्याचदा काहीतरी अर्धवट, हात राखून बोलत असतो. तेच वाक्य प्रश्नात टाकलं की उत्तरही अर्धवटच मिळणार.

म्हणून वाक्य दुरुस्त करायचं सोडून दिलं आणि विचारलं की आपल्याला कळून काय घ्यायचंय? फरदडीचा आणि पुढच्या वर्षीच्या अळीचा संबंध शेतकऱ्याला माहीत आहे का, एवढंच. मग लिहिलं:

*‘फरदड ठेवली तर पुढच्या वर्षी बोंडअळी वाढते, तेवढीच राहते, की कमी होते?’*

चौथा पर्याय ‘सांगता येणार नाही’, तो वाचून दाखवायचा नाही, शेतकरी स्वतः म्हणाला तरच खूण करायची. आधी मधला पर्याय ‘काही फरक पडत नाही’ असा लिहिला होता. गोल करायला गेले तर त्यातही ‘नाही’ होता. ‘तेवढीच राहते’ वर सगळे खूश झाले.

१२ जानेवारी

प्रश्न ९ साठी जास्त डोकं लावावं लागलं नाही, आबांच्या मळ्यानेच उत्तर दिलं होतं. हो-नाही विचारायचंच कशाला? जी गोष्ट डोळ्यांना दिसते तिचं नाव घ्यावं, जिला तारीख आहे तिची तारीख विचारावी.

*‘२०२४ च्या खरिपात लावलेली कपाशी आज शेतात उभी आहे की काढली?’*
*काढली असल्यास: ‘कोणत्या महिन्यात काढली?’*
*उभी असल्यास: ‘शेवटचं पाणी कधी दिलं?’*

‘उभी आहे की काढली’ यात दोन्ही बाजू प्रश्नातच आहेत, त्यामुळे उत्तर ‘हो’ येऊच शकत नाही. आबांना ‘उभी’ किंवा ‘काढली’ म्हणावंच लागेल, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ होत नाही. ‘गेल्या हंगामातील’ पण काढलं. जानेवारीत गेला हंगाम म्हणजे आताचा खरीप की त्याआधीचा, यावरही दोन घरांत घोळ झाला होता.

पाण्याचा प्रश्न सरांनी सुचवला. कपाशी नुसती उभी असणं आणि पाणी देऊन फरदड घेणं यात फरक आहे. काही जण मजूर मिळत नाही म्हणून पऱ्हाट्या तशाच ठेवतात. अळीला दोन्ही चालतं, पण आपल्याला कोणाला काय सांगायचं ते वेगळं.

प्रश्न १७ तर हसण्यावारीच गेला: ‘शिफारशीशिवाय कीटकनाशक फवारू नये असे तुम्हाला वाटत नाही का?’ शिवाय, नये, नाही, वर ‘का’. याला काय उत्तर दिलं तरी आपण फॉर्मवर काय लिहावं हे आमच्यातच ठरेना. त्याचं असं केलं: *‘शेवटची फवारणी कोणाच्या सांगण्यावरून केली?’* दुकानदार, कृषी सहायक, शेजारी, स्वतःच्या मनाने, इतर. मत विचारण्यापेक्षा शेवटची प्रत्यक्ष फवारणी विचारलेली बरी.

१४ जानेवारी

संक्रांत. कोणी आलं नाही. मी एकटीने नवा फॉर्म मोठ्याने वाचून पाहिला आणि प्रत्येक उत्तरावरून शेतकऱ्याच्या तोंडचं एक पूर्ण वाक्य बनवलं. ‘कपाशी उभी आहे’, ‘अळी वाढते’. वाक्य एका झटक्यात बनलं तर प्रश्न ठीक. जिथे मला ‘म्हणजे त्याला असं म्हणायचंय की’ अशी सुरुवात करावी लागली तिथे पुन्हा लाल गोल. असे दोन निघाले.

१६ जानेवारी

वरून फोन. अपेक्षेप्रमाणे त्यांचा आक्षेप: ‘नकारी विधानं मुद्दाम ठेवली होती. सगळी विधानं एकाच बाजूची असली की लोक सगळ्यांना सहमत म्हणत सुटतात.’

हा आक्षेप पोकळ नाही. होला हो करणारी माणसं प्रत्येक गावात असतात आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून खान्देशात जरा जास्तच. दोन्ही दिशांची विधानं हवीतच. पण दिशा उलटवायला ‘नाही’ घालावा लागतो, हा गैरसमज आहे. ‘फरदड फायद्याची नाही’ असं लिहिण्याऐवजी फरदडीच्या बाजूने एक आणि विरोधात एक, अशी दोन सरळ होकारी विधानं लिहिता येतात:

*‘फरदडीतून खर्च जाऊन चार पैसे हाती उरतात.’*
*‘फरदडीमुळे पुढच्या वर्षी फवारणीचा खर्च वाढतो.’*

दोन्हींत एकही नकार नाही, तरी दिशा उलट्या. दोन्हींना जोरात सहमत म्हणणारा एखादा निघाला तर तो गोंधळलेला असेलच असं नाही. आज पैसे मिळतात आणि उद्या खर्च वाढतो, हे दोन्ही त्याला खरं वाटू शकतं. पण प्रत्येक ठिकाणी जोडीतल्या दोन्हींवर पाचच मारणारा सापडला तर तो होयबा आहे हे कळतं.

गुण भरताना उलट्या दिशेचं विधान पालटून घ्यायचं. पाचाच्या पट्टीवर सहातून वजा करायचं, म्हणजे ५ चा १ होतो आणि ३ चा ३ च राहतो. F स्तंभात ‘चार पैसे उरतात’ चे गुण आणि M मध्ये उरलेल्या, एकाच दिशेला आणलेल्या विधानांची बेरीज असेल तर:

```
=6-F2
=CORREL(N2:N21, M2:M21)
```

पहिलं सूत्र N स्तंभात खालपर्यंत ओढायचं. दुसरं सूत्र दोन्ही स्तंभ बरोबरीने वाढतात का ते सांगतं. त्याचा आकडा शून्याच्या खाली आला तर थांबायचं. एक तर कोणीतरी गुण पालटायला विसरलंय किंवा दोनदा पालटलेत, किंवा लोकांनी ते विधान आपल्याला हवं त्याच्या उलट ऐकलंय. जुन्या प्रश्न १२ चा आकडा पालटूनही उणेच येत होता. पोरं म्हणाली, मग पुन्हा पालटू, अधिक होईल. होईल ना. पण आबांसारख्यांनी उलट ऐकलं आणि नानांसारख्यांनी सरळ, हे दोघं एकाच स्तंभात बसलेत. स्तंभ पालटला की बरोबर ऐकणारे चुकतात. वीसांपैकी उलट कोणी ऐकलं हे आकडा सांगत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं.

विचारण्याची पद्धत साधी. उत्तर घेतल्यावर म्हणायचं, ‘दादा, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ पाच-सहा जणांना विचारलं तरी वाक्य कुठे मोडतं ते दिसतं. दादांनी सांगताना ‘नाही’ गाळला, की समजायचं.

२० जानेवारी

प्रश्न २२ वर अडलो. ‘फरदड घेण्यास बंदी नसावी.’ सहमत/असहमत. इथे दोन नकार आहेत, बंदी आणि नसावी. सरळ होकारी केलं तर ‘फरदड घेण्यास परवानगी असावी’. वाचायला सोपं. मी लिहूनही टाकलं होतं.

सरांनी अडवलं. म्हणाले, हे दोन प्रश्न सारखे नाहीत. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये दाखवलेला प्रकार त्यांनी सांगितला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के अमेरिकनांनी नाही म्हटलं. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारलं तर हो म्हणणारे फक्त ४६ टक्के. तर्काने परवानगी नाकारणं म्हणजेच बंदी. पण ‘बंदी घाला’ हे तोंडाने म्हणायला जड जातं, ‘परवानगी नको’ म्हणायला सोपं जातं.

म्हणजे नकार काढताना आपण शब्दाचं वजनही बदलतो, आणि वजन बदललं की टक्के बदलतात. त्यामुळे आधी ठरवावं लागतं की खरा प्रश्न कोणता. कायद्याने बंदी हा मुद्दा असेल तर ‘बंदी’ हाच शब्द ठेवायचा आणि दोन्ही बाजू मांडायच्या: ‘फरदडीवर बंदी घालावी की घालू नये?’ इथे ‘नये’ आला तरी चालतो, कारण तो पर्याय आहे. उत्तर देणारा ‘घालू नये’ असं पूर्ण म्हणतो, त्यावर दुसरा नकार चढवायची वेळ येत नाही. पण आमच्या प्रकल्पाला कायद्याशी काही घेणं नव्हतं, गावाने मिळून काय करावं हे हवं होतं. म्हणून:

*‘काही शेतकरी म्हणतात, फरदड ठेवायची की काढायची हे ज्याचं त्याने ठरवावं. काही म्हणतात, सगळ्या गावाने एकाच वेळी काढावी. तुमचं म्हणणं कोणत्या बाजूचं?’*

वाक्य लांब झालं, पण बोलायला सोपं आहे. आणि ‘काही म्हणतात’ आल्यामुळे कोणतंही उत्तर द्यायला शरम वाटत नाही.

एका प्रश्नात ‘नाही’ मुद्दाम ठेवला: ‘गेल्या वर्षी फवारणी करूनही अळी आटोक्यात आली नाही, असं झालं का?’ कारण जे घडलं तेच तसं आहे. त्याचं ‘अळी आटोक्यात आली का’ असं केलं तर फवारणी वाया गेल्याचा अनुभव निसटतो. पण हो-नाहीच्या चौकोनाऐवजी उत्तर ‘झालं / झालं नाही’ असं छापलं आणि पोरांना सांगितलं की ‘आली नाही’वर आवाज द्या. छापील जाड अक्षर इथे काय कामाचं, ऐकणाऱ्याला ते दिसत नाही.

२४ जानेवारी

दुसरी चाचणी, शेजारच्या गावात, नव्या वीस घरांत. पोरांनी वाक्यं जशीच्या तशी वाचली. अहिराणीवाली म्हणाली, ‘आज मला बदलावंसं वाटलंच नाही.’ मला ते पुरेसं आहे.

वीसपैकी एकाच फॉर्मात शेत आणि कागद जुळले नाहीत. अण्णांनी ‘काढली’ म्हटलं आणि मुलाने पाहिलं तर वावर उभं. उलट ऐकलं की काय म्हणून परत गेलो. प्रश्न त्यांनी बरोबर ऐकला होता. त्यांची दोन शेतं. नाल्याकडचं कोरडवाहू डिसेंबरात मोकळं केलं, विहिरीजवळचं उभं. त्यांनी मोठ्या शेताचं सांगितलं, आम्ही जवळचं पाहिलं.

२८ जानेवारी

वरच्या कार्यालयाने नवा फॉर्म मान्य केला, पण मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना हवी म्हणतात. मागच्या वर्षी प्रश्न ९ जुन्याच वाक्यात सहा गावांत विचारला होता. ते आकडे मी पालटून देणार नाही असं कळवलं. कोणाचं ‘हो’ कोणत्या अर्थाचं होतं ते आता शोधता येत नाही, कारण तेव्हा कोणी शेत पाहून पेन्सिलीने लिहिलं नव्हतं.

तडजोड अशी ठरली. पहिल्या दोन गावांत फॉर्म दोन प्रकारचे छापायचे. सम क्रमांकाच्या घरात जुना प्रश्न ९, विषम क्रमांकाच्या घरात नवा, आणि दोन्हीकडे शेत बघायचंच. त्यातून जुन्या वाक्याने किती घरं चुकतात ते कळेल, आणि मागच्या वर्षीचा आकडा किती भरवशाचा होता याचा अंदाज येईल. घरागणिक दुरुस्ती मात्र त्यातून होणार नाही, हेही लिहून दिलं.

अण्णांच्या दोन शेतांमुळे नव्या ९ च्या आधी एक ओळ वाढवली: ‘२०२४ च्या खरिपात कपाशी किती शेतांत होती?’ मग प्रत्येक शेताला वेगळी ओळ, शेताला घरचे लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहायचं. नाल्याकडचं, विहिरीजवळचं, आंब्याचं. छपाईवाल्याला उद्या सकाळी फाइल द्यायची आहे, चार पानांची पाच झाली म्हणून तो कुरकुर करणार.